मुनासिब उनवान

गेली वीसेक वर्षं मी मुलांना एक गोष्ट शिकवत आले आहे. ती अर्धवट होती, हे मला माझ्या भाचीमुळे कळलं.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. दोन्ही विषयांच्या पेपरात उतारा असतो आणि उताऱ्याखाली एक ठरलेला प्रश्न असतो. मराठीत ‘उताऱ्याला समर्पक शीर्षक द्या’, उर्दूत ‘मुनासिब उनवान तजवीज कीजिए’. हमखास गुण मिळवून देणारा प्रश्न. मुलं विचारायची, मॅडम, शीर्षक कसं शोधायचं? मी सांगायचे, उताऱ्यात जो शब्द सारखा सारखा येतो तो उचला, नाहीतर पहिली ओळ बघा. मुलं तसं करायची आणि गुणही मिळवायची. पाण्यावरचा उतारा असेल तर कुणी ‘पाणी’ लिहायचं, कुणी ‘पाण्याचे महत्त्व’, कुणी ‘पाणी हेच जीवन’. तपासताना आम्ही तिन्ही बरोबर धरायचो. एकच उत्तर बरोबर आणि बाकीची सगळी चूक, असा प्रसंग आमच्या पेपरात येतच नाही.

माझी भाची नर्स आहे. बीएस्सी नर्सिंग झालं, चार वर्षं नोकरी झाली. तिला इंग्लंडला जायचं आहे. तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे नोंदणी करायची तर इंग्रजी येतं याचा पुरावा द्यावा लागतो. आयईएलटीएस ॲकॅडमिकचा रस्ता धरला तर वाचन, ऐकणं आणि बोलणं यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ बँड हवा. तिनं दोनदा परीक्षा दिली आणि दोन्ही वेळा वाचनात ६.५ वर अडकली. दुसऱ्या वेळची फी भरायला माझ्या बहिणीनं भिशीचा नंबर आधी मागून घेतला होता. तिसऱ्या वेळी काय मागणार, हा प्रश्न घरात कुणी उघडपणे विचारत नव्हतं, पण जेवताना सगळ्यांच्या तोंडावर दिसायचा.

वाचनाच्या पेपरात तीन लांब उतारे असतात, चाळीस प्रश्न आणि साठ मिनिटं. सातचा बँड हवा तर साधारण तीस उत्तरं बरोबर यावी लागतात, पेपरप्रमाणे एखादं इकडेतिकडे. म्हणजे ती दोन-तीन उत्तरांनी मागं राहत होती. मी तिला म्हटलं, तुझ्या सरावाच्या वह्या आण. इंग्रजी माझा विषय नाही, पण चुका कुठं होतात ते बघायला मास्तरकीचा डोळा पुरतो. वह्या बघितल्या. रिकाम्या जागा ठीक, खरं-खोटं ठीक. जिथं परिच्छेदांना शीर्षकं जुळवायची होती, तिथं मात्र सहापैकी दोन बरोबर, सातपैकी तीन बरोबर, पुन्हा सहापैकी दोन. तिची दोन-तीन उत्तरं तिथंच सांडत होती.

या प्रश्नात उताऱ्याआधी शीर्षकांची यादी देतात, रोमन आकड्यांत. परिच्छेद सहा असतील तर शीर्षकं आठ-नऊ. एक शीर्षक एकाच परिच्छेदाला लागतं आणि काही शेवटी उरतात. उरणारी शीर्षकं रिकामी भर म्हणून घातलेली नसतात. प्रत्येक एखाद्या परिच्छेदासाठी मुद्दाम तयार केलेलं असतं. संगणकावर परीक्षा दिली तर शीर्षक ओढून परिच्छेदाच्या वर सोडायचं, एवढाच फरक.

“तू कसं जुळवतेस?” मी विचारलं.

“क्लासमध्ये शिकवलंय तसं, खाला. शीर्षकातला मुख्य शब्द अधोरेखित करायचा, तो कुठल्या परिच्छेदात आहे ते बघायचं. आणि पहिली ओळ वाचायची.”

मी गप्प बसले. हे तर माझंच वाक्य होतं.

तिच्याशी इंग्रजीत डोकं लावण्यापेक्षा मी ठरवलं की आपणच एक उतारा मराठीत लिहू, म्हणजे भाषेची अडचण बाजूला होईल आणि फक्त जुळवणीची अडचण उरेल. भाचीनं चौथीपर्यंत मराठी शाळा केली आहे, मराठी तिला सफाईनं वाचता येतं. ती नर्स, म्हणून विषय घेतला स्कर्व्हीचा. चार परिच्छेद लिहिले.

अ) अठराव्या शतकात लांबच्या सफरीवर निघणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडत. १७४० साली कमोडोर ॲन्सन ब्रिटिश जहाजांचा काफिला घेऊन निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर जवळपास १९०० माणसं होती. त्यातली हजाराहून अधिक परतली नाहीत. शत्रूच्या हातून मेलेले त्यात बोटांवर मोजण्याइतके होते.

ब) १७४७ साली सॅलिसबरी या जहाजावर जेम्स लिंड या शल्यचिकित्सकानं स्कर्व्ही झालेले बारा खलाशी निवडले. सगळ्यांची अवस्था होता होईल तो सारखी होती, जागा एक होती, जेवण एक होतं. त्यांच्या त्यानं दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. एका जोडीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, एकीला सफरचंदाचं आंबवलेलं पेय, एकीला संत्री आणि लिंबू. सफरचंदाच्या पेयानं थोडा गुण आला. संत्री-लिंबू खाणारे दोघं मात्र सहा दिवसांतच सगळ्यांच्या पुढं गेले.

क) लिंडनं हा प्रयोग १७५३ साली आपल्या ग्रंथात छापला. पण चारशेहून अधिक पानांच्या त्या ग्रंथात प्रयोगाच्या वाट्याला मोजकीच पानं आली. आजाराला दमट हवेसारखी इतरही कारणं आहेत, असं लिंड स्वतः मानत होता. रस टिकावा म्हणून तो आटवून घट्ट करावा, असं त्यानं सुचवलं, आणि आटवताना रसातला गुणच निघून जात होता. आरमारानं खलाशांना लिंबाचा रस नियमानं द्यायला सुरुवात केली ती १७९५ मध्ये.

ड) एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आरमारानं भूमध्य समुद्राकडच्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली छोटी हिरवी लिंबं घ्यायला सुरुवात केली. त्यांच्यात कामाचा घटक बराच कमी होता. वाफेच्या जहाजांमुळे सफरी छोट्या झाल्या होत्या, म्हणून हे कुणाच्या लक्षात आलं नाही. १८७५ मध्ये ध्रुवाकडे निघालेल्या ब्रिटिश मोहिमेत रस असूनही स्कर्व्ही झाला. मग कित्येक डॉक्टर म्हणू लागले की या आजाराचा लिंबाशी संबंधच नसावा.

आणि खाली आठ शीर्षकं. खऱ्या पेपरात रोमन आकडे असतात, मी आपले मराठी घातले.

१. एका महत्त्वाच्या ग्रंथाचं प्रकाशन
२. लढाईपेक्षा जास्त बळी घेणारा आजार
३. उत्तर हाती असूनही झालेला उशीर
४. गुण देणारं एक पेय
५. एका बदलामुळे जुन्या उत्तरावर आलेला संशय
६. लिंबाच्या रसाला आरमाराचा विरोध
७. उपायांची तुलना करून पाहण्याची रीत
८. ध्रुवाकडच्या मोहिमेची तयारी

वाचकांनी हवं तर इथं थांबून स्वतः जुळवून बघावं. भाचीनं पाच मिनिटांत केलं. अ ला २, ब ला ७, क ला १, ड ला ८. दोन बरोबर, दोन चूक. मराठीतही तिचा निकाल इंग्रजीसारखाच आला. तेव्हा माझी खात्री पटली की अडचण तिच्या इंग्रजीची नाही.

आता क कडे बघा. पहिल्या वाक्यात ग्रंथ आहे, छापल्याचं साल आहे, आणि १ नंबरच्या शीर्षकात ग्रंथ आणि प्रकाशन. तिनं पहिली ओळ वाचली, शब्द जुळला, गाडी पुढं. मी तिला म्हटलं, थांब. लग्नाच्या पंगतीत कसं, प्रत्येकाला विचारता येतं की बाबा तू कुणाकडून आलास? मुलाकडून की मुलीकडून? तसं शीर्षक मनात धर आणि प्रत्येक वाक्याला विचार, तू या शीर्षकाकडून आलास का?

तिनं विचारायला सुरुवात केली. ग्रंथ छापला: हो, हा प्रकाशनाकडचा. प्रयोगाला मोजकी पानं: हा पण ग्रंथाकडचाच म्हणता येईल. लिंड इतर कारणं मानत होता: इथं ती अडखळली. रस आटवल्यानं गुण गेला: याचा प्रकाशनाशी काय संबंध? आरमारानं १७९५ मध्ये सुरुवात केली: हा तर अजिबात नाही. पाचातली तीन वाक्यं पोरकी राहिली.

“अब तीन नंबर लगाके देखो,” मी म्हटलं.

उत्तर हाती असूनही झालेला उशीर. ग्रंथ छापला, म्हणजे उत्तर हाती होतं. पानं मोजकी, म्हणून कुणाच्या नजरेत भरलं नाही. लिंडला स्वतःलाच खात्री नव्हती. आटवलेला रस कामाचा राहिला नाही. म्हणून १७९५ उजाडलं. पाचही वाक्यं एका पंगतीत बसली, एकही उपाशी नाही.

पण हे तिला लगेच पटलं नाही. १ नंबर खोडल्यावर तिनं ३ न घेता ६ घेतला. लिंबाच्या रसाला आरमाराचा विरोध. मला ही चूक पहिलीपेक्षा जास्त शिकवून गेली, कारण पहिली घाईची होती आणि ही विचाराची होती. मी विचारलं, विरोध कुठं दिसला तुला?

“खाला, चाळीस वर्षं लागली म्हणजे कुणीतरी अडवलंच असणार ना? आमच्याकडे वॉर्डात एखादी वस्तू यायला उशीर झाला की समजायचं, वर कुणीतरी सही अडवलीय.”

ते खरंही असेल. तिचा अनुभव खोटा नाही. पण परिच्छेदात कुणी अडवल्याचं एकही वाक्य नाही. मी म्हटलं, बोट ठेव, कुठल्या वाक्यात विरोध आहे? तिनं बोट फिरवलं, शेवटच्या वाक्यावर नेलं, मागं आणलं आणि उचललं. उशीर होणं आणि विरोध होणं यात जे अंतर आहे ते तिनं स्वतःच्या पदरचं भरलं होतं. पेपर काढणारे याच अंतरावर नजर ठेवून असतात. बरोबर शीर्षकाच्या शेजारी ते त्याचाच एक जास्त जोराचा भाऊ उभा करतात. उशीर असेल तिथं विरोध, शंका असेल तिथं नकार, काही लोक असतील तिथं सगळे लोक, शक्यता असेल तिथं पुरावा. विषय तोच असतो, म्हणून ओळखीचं वाटतं, पण परिच्छेद तेवढं बोललेला नसतो. शीर्षकातल्या सगळ्यात जड शब्दावर बोट ठेवायचं आणि मग परिच्छेदात त्याची जागा शोधायची. जागा सापडली नाही तर ते शीर्षक कितीही शहाणं वाटलं तरी सोडून द्यायचं.

ड मध्ये वेगळा सापळा होता. ‘ध्रुवाकडे’ आणि ‘मोहीम’ हे दोन शब्द परिच्छेदात जसेच्या तसे आहेत, आठव्या शीर्षकातही जसेच्या तसे आहेत. पण तयारी कुठं आहे? ती मोहीम एका वाक्यात येऊन जाते आणि तिचं काम एवढंच की बदलाचा परिणाम दाखवायचा. शेजारचं पाचवं शीर्षक बघा. त्यातला ‘बदल’ हा शब्द परिच्छेदात कुठंच नाही, ‘संशय’ही नाही. ‘भूमध्य समुद्राकडच्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली’ हे वाक्य बदल सांगतं, पण बदल हा शब्द न वापरता. ‘संबंधच नसावा’ हे संशय सांगतं. बरोबर शीर्षक बहुतेक वेळा असं दुसऱ्या शब्दांत येतं आणि चुकीचं शीर्षक परिच्छेदातलेच शब्द अंगावर घालून येतं.

हे सांगितलं आणि तिथंच माझी चूक झाली. पुढच्या आठवड्यात तिनं दोन इंग्रजी उतारे सोडवले आणि निकाल आधीपेक्षा वाईट. बघते तर तिनं जिथं जिथं शब्द जुळला तिथं तिथं शीर्षक फेकून दिलं होतं! एका परिच्छेदात कापसाची माहिती होती, शीर्षकात कापूस होता, तेच उत्तर होतं, आणि तिनं ते सापळा समजून टाळलं. शब्द जुळणं हा बरोबर असल्याचा पुरावा नाही, तसा चूक असल्याचाही नाही. त्याच्यावरून काहीच ठरत नाही. मास्तरांचं हे नेहमीचं आहे, एक खड्डा दाखवताना पोरांना दुसऱ्यात ढकलतो.

तेव्हा आम्ही क्रमच उलटा केला. आधी यादी वाचायचीच नाही. परिच्छेद वाचायचा, समासात तीन-चार शब्द लिहायचे, आणि मगच यादीकडे जायचं. समासात काय लिहायचं? परिच्छेद कशाबद्दल आहे एवढं नको, परिच्छेद काय करतो ते लिहायचं. कशाबद्दल म्हटलं तर चारही परिच्छेदांचं उत्तर स्कर्व्हीच येतं. काय करतो म्हटलं की वेगळं होतं: किती भयंकर ते दाखवतो, कसं तपासलं ते सांगतो, उशीर का झाला ते सांगतो, विश्वास कसा गेला ते सांगतो. भाषा कुठलीही चालते, समास कुणी तपासत नाही. ती उर्दूत लिहायला लागली. पहिल्या उताऱ्याच्या समासात तिच्या अक्षरात ‘देर क्यूँ हुई’, ‘भरोसा कैसे टूटा’ असं बघून मला फार बरं वाटलं. हेच मुनासिब उनवान होते, नुसते अजून इंग्रजीत गेले नव्हते. यादीत मग ती आपल्या तीन शब्दांचा जोडीदार शोधायची. आधी यादी वाचली की आठ शीर्षकं डोक्यात ओरडत राहतात आणि परिच्छेदाला आपलं म्हणणं मांडायची संधीच मिळत नाही.

संगणकावर समास नसतो. पण कच्चं लिहायला कागद आणि पेन्सिल देतात, त्यावर अ-ब-क-ड लिहून पुढं दोन शब्द टाकता येतात.

आणखी एक अडचण राहिली होती, ती दोन तोंडांच्या परिच्छेदांची. सुरुवातीला एक म्हणणं, मग मध्येच ‘हाउएव्हर’ किंवा ‘यट’, आणि पुढं वेगळंच. क्लासमध्ये तिला सांगितलं होतं की ‘हाउएव्हर’ नंतरचं तेच खरं. पुष्कळदा ते बरोबर निघतं, कारण लिहिणारा आधी लोकांचा समज सांगतो आणि मग तो खोडतो. पण कधी कधी ‘हाउएव्हर’ नंतर एकच वाक्य येतं, छोटीशी सूट देऊन लेखक परत मूळ मुद्द्यावर येतो. ओळखायचं कसं? वळणानंतर किती वाक्यं त्या नव्या वाटेनं चालतात ते बघायचं. ब परिच्छेदातलं सफरचंदाचं पेय असंच आहे. एक वाक्य त्याला मिळालं, आणि पुढच्याच वाक्यात गोष्ट परत संत्री-लिंबांवर गेली. म्हणून ४ नंबरचं शीर्षक खरं असूनही चूक. खरं असूनही चूक, हे तिला समजावणं सगळ्यात अवघड गेलं. शाळेत आम्ही मुलांना शिकवतो की उताऱ्यात जे आहे ते बरोबर. इथं उताऱ्यात असणं पुरत नाही, त्यानं अख्खा परिच्छेद पेलला पाहिजे.

गंमत म्हणजे त्याच परीक्षेत एक दुसरा प्रश्न येतो, तो याच्या बरोबर उलटा. अमुक माहिती कुठल्या परिच्छेदात आहे ते सांगा. तिथं परिच्छेदाचा गाभा नको असतो, कोपऱ्यातला तपशीलच हवा असतो. तिथं सफरचंदाचं पेय हे अगदी बरोबर उत्तर ठरेल. भाची दोन्ही प्रश्न एकाच रीतीनं सोडवत होती, म्हणून कधी इथं चुकायची, कधी तिथं. सूचनेत ‘हेडिंग’ आहे की ‘इन्फर्मेशन’, एवढं आधी बघून घ्यायचं ठरवलं.

वेळेचं गणित तिचं तिनंच बसवलं. एका उताऱ्याला साधारण वीस मिनिटं, त्यात तेरा-चौदा प्रश्न. शीर्षकांचा प्रश्न ती आधी सोडवते, कारण त्यासाठी उतारा एकदा पूर्ण वाचून होतो आणि बाकीचे प्रश्न कुठं शोधायचे ते आपोआप कळतं. तिची एक मैत्रीण तो शेवटी ठेवते आणि तिला तेच जमतं, तेव्हा याचा आग्रह मी धरत नाही. दोन शीर्षकांत अडली तर दोन्ही आकडे लिहून पुढं जाते. आग्रह मी धरते तो इथं. एक शीर्षक एकदाच वापरायचं असल्यामुळे घाईनं लावलेलं चुकीचं शीर्षक दुसऱ्या परिच्छेदाच्या ताटातलं पळवतं. मग तो दुसरा परिच्छेद तिसऱ्याचं पळवतो. एका चुकीचे दोन-तीन गुण जातात ते असे. दोन आकडे ठेवून पुढं गेलं की पुढचा एखादा परिच्छेद त्यातला एक हक्कानं मागून घेतो आणि राहिलेला आपलं उत्तर होतो. आणि काहीच ठरलं नाही तरी जागा रिकामी सोडायची नाही, चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत.

तिसरी परीक्षा तिनं फेब्रुवारीत दिली. वाचनात ७ आले. लेखनात मात्र या वेळी ६ आले, आधी ६.५ होते. त्यामुळे घरात पेढे आले नाहीत. बहीण म्हणाली, एका हातानं दिलं, दुसऱ्यानं घेतलं. भाची आता निबंध लिहून दाखवते. त्यातलं मला फार कळत नाही, पण परिच्छेदात पोरकी वाक्यं किती आहेत ते मी मोजून देते. पुष्कळ असतात.

इकडे मी नववीच्या चाचणीत शीर्षकाचा प्रश्न बदलून पाहिला. शीर्षक द्या असं न म्हणता पाच शीर्षकं दिली, एक निवडा आणि बाकीची का नको ते एका वाक्यात लिहा. उतारा पाणचक्कीवर होता. झऱ्याचं पाणी लांबून नळानं कसं आणलं, त्याच्या धारेवर जातं कसं फिरायचं, पीठ कुणासाठी दळलं जायचं. मी ‘पाण्याच्या बळावर चाललेलं काम’ हे बरोबर धरलं होतं. एका मुलानं ‘अनेकांची भूक भागवणारी सोय’ निवडलं आणि खाली लिहिलं की तिसऱ्या वाक्यापासून शेवटपर्यंत सगळं पिठाबद्दल आणि ते खाणाऱ्यांबद्दल आहे, मॅडमचं शीर्षक पहिल्या दोन वाक्यांपुरतं आहे. मी उतारा काढून वाक्यं मोजली. सात वाक्यं होती. पाच त्याच्या बाजूची निघाली.

त्याला गुण दिला आणि वर्गात सांगितलं की बरोबर उत्तर बदललं आहे. आता बाकीचे पस्तीस पेपर परत तपासायला घेतले आहेत.